विमानाची वेळ निवडताना रांगेचे घड्याळ पाहा

रात्री उशिराचे विमान म्हणजे रिकामे विमानतळ, मोकळा रस्ता आणि स्वस्त तिकीट, असा एक समज घरोघरी पक्का बसला आहे. तिकीट काढताना मोबाइलच्या पडद्यावर दोनच गोष्टी ठळक दिसतात, भाडे आणि सुटण्याची वेळ. त्या वेळेला विमानतळावर किती गर्दी असेल, हे कुठेच लिहिलेले नसते. मग आपण अंदाज बांधतो आणि तो अंदाज बहुतेक वेळा लोकलच्या किंवा एसटीच्या अनुभवावरून असतो. सकाळी आणि संध्याकाळी गर्दी, रात्री शुकशुकाट. विमानतळाचे घड्याळ असे चालत नाही. निदान मुंबईचे तरी नाही.

म्हणूनच ‘कोणते विमान स्वस्त’ या प्रश्नाच्या आधी ‘त्या विमानासाठी मी रांगेत कधी उभा राहणार’ हा प्रश्न विचारायला हवा. घरातली सत्तरीची आजी, पहिल्यांदा परदेशी निघालेला मुलगा किंवा तान्हे बाळ सोबत असेल, तर हा प्रश्न हजार-दीड हजार रुपयांच्या बचतीपेक्षा मोठा ठरतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी आधीच काढता येते.

मुंबईत गर्दीच्या वेळा कोणत्या?

मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी प्रत्यक्षात एकच वापरता येते. जगातल्या इतर मोठ्या शहरांत दोन-तीन समांतर धावपट्ट्यांवर जी वाहतूक विभागली जाते, ती इथे एकाच पट्टीवर उतरते आणि तिथूनच सुटते. दिवसभरात नऊशे-हजारांच्या घरात विमाने अशी ये-जा करतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय हवाई वाहतूक मंत्रालयाने या विमानतळावरच्या उड्डाणांना कात्री लावली. गर्दीच्या तासांत ताशी ४६ ऐवजी ४४ आणि इतर वेळी ४४ ऐवजी ४२ विमानांची ये-जा, अशी मर्यादा ठरली. त्याच निर्णयात गर्दीचे तास कोणते, हेही स्पष्ट लिहिले होते. सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८ आणि रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा. म्हणजे दिवसाचे आठ तास. त्या तासांत विमानांना शहरावर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागतात, असे कारण मंत्रालयाने दिले होते.

या तीन वेळांपैकी तिसरी पुन्हा वाचा. रात्री सव्वानऊ ते सव्वाअकरा. ज्या वेळेला आपण ‘उशिराचे, निवांत विमान’ समजतो, ती सरकारी कागदावर गर्दीची वेळ आहे. कारण साधे आहे. दिवसभर देशभर फिरलेली विमाने रात्री मुंबईत मुक्कामाला परततात. ऑफिस आटोपून घरी जाणारे त्याच वेळी निघतात. त्यानंतर सुटणाऱ्या परदेशी विमानांचे प्रवासीही तेव्हाच टर्मिनलमध्ये शिरू लागतात.

आता उरलेल्या वेळेकडे पाहा. सकाळी ११ ते संध्याकाळी ५ हे सहा तास यादीत नाहीत. मुंबईची धावपट्टी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर दुरुस्तीसाठी दिवसभराकरिता बंद ठेवतात. २०२४ मध्ये ९ मे आणि १७ ऑक्टोबर या दोन दिवशी ती बंद होती आणि दोन्ही वेळा बंदची वेळ होती सकाळी ११ ते संध्याकाळी ५. दुरुस्तीला दिवसाचा उजेड लागतो, हे खरेच. पण सकाळची आणि संध्याकाळची गर्दी बरोबर टाळून मधलेच सहा तास निवडले जातात, यातून विमानतळच आपला मोकळा वेळ सांगतो आहे.

विमानाची वेळ आणि रांगेची वेळ वेगळी

वरचे तास धावपट्टीचे आहेत. प्रवाशाला रांग लागते ती त्याआधी. देशांतर्गत विमानासाठी बहुतेक लोक दीड ते दोन तास आधी येतात. त्यामुळे सकाळी ८ ते ११ या विमानांची गर्दी सुरक्षा तपासणीवर साधारण सव्वासहा ते साडेनऊ या वेळेत जाणवते. संध्याकाळी ५ ते ८ ची गर्दी दुपारी साडेतीनला सुरू होते. रात्री सव्वानऊनंतरच्या विमानांचे प्रवासी साडेसातलाच रांगेत असतात.

याचा उपयोग असा. दुपारी चारचे विमान कागदावर ‘मोकळ्या’ वेळेत आहे आणि तुम्ही दोन-अडीचला तपासणी उरकता, म्हणजे संध्याकाळची लाट येण्याआधी. पण पावणेपाचचे विमान कागदावर मोकळ्या वेळेत असूनही तुमची रांग पाच-साडेपाचच्या विमानांच्या प्रवाशांसोबत लागते. पाऊण तासाच्या फरकाने अनुभव पार बदलू शकतो.

रांग सर्वांत लांब कधी होते?

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रांग सर्वांत लांब असते ती गर्दी सुरू होताना नव्हे, तर गर्दी संपताना. एक ढोबळ हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा, एका टर्मिनलच्या सुरक्षा तपासणीत सहा पट्टे सुरू आहेत आणि ते मिळून तासाला ६०० प्रवासी पुढे सोडतात. सकाळी ६ ते ८ या वेळेत तासाला ७२० प्रवासी येतात. म्हणजे दर तासाला १२० माणसे मागे साचतात. सव्वासहाला आलेल्याच्या पुढे ३० माणसे असतात, त्याला तीन मिनिटे थांबावे लागते. सातला आलेल्याच्या पुढे १२० माणसे, त्याला बारा मिनिटे. आठला आलेल्याच्या पुढे २४० माणसे, त्याला चोवीस मिनिटे. येणाऱ्यांचा वेग दोन तास एकच होता, पण पहिला तीन मिनिटांत सुटला आणि शेवटचा चोवीस मिनिटे अडकला.

पुढचे अधिक महत्त्वाचे. आठनंतर गर्दी ओसरली आणि तासाला ४८० प्रवासीच येऊ लागले, तरी साचलेली २४० माणसे निपटायला आणखी दोन तास लागतात. नऊला आलेला प्रवासी ‘आता गर्दीची वेळ टळली’ म्हणून निश्चिंत असतो आणि त्याच्या पुढे १२० जण उभे असतात. थोडक्यात, गर्दीच्या तोंडाला जाणे परवडते, शेपटीला जाणे नाही. सकाळच्या लाटेतच प्रवास करायचा असेल, तर पावणेअकराच्या विमानापेक्षा आठचे विमान रांगेच्या दृष्टीने बरे.

आता त्याच हिशेबात सहापैकी एक पट्टा बंद पडला असे धरा. तासाला ६०० ऐवजी ५०० प्रवासी सुटतील. आठ वाजेपर्यंत ४४० माणसे साचतील आणि शेवटच्या प्रवाशाला जवळपास ५३ मिनिटे लागतील. क्षमता सहाव्या हिश्शाने घटली, पण थांबण्याचा वेळ दुपटीहून अधिक वाढला. एखाद्या दिवशी रांग वीस मिनिटांत सरकते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तासभर लागतो, ते यामुळे. गर्दीच्या वेळेचा खरा त्रास हा आहे. सरासरी वेळ जास्त असतो एवढेच नाही, तर तो किती असेल याचा भरवसा राहत नाही. मोकळ्या वेळेत एखादा पट्टा बंद पडला तरी फारसे बिघडत नाही.

दिल्ली विमानतळाच्या टर्मिनल तीनवर डिसेंबर २०२२ मध्ये हेच घडले. सुट्ट्यांच्या हंगामात सकाळी आणि संध्याकाळी रांगा इतक्या वाढल्या की केंद्रीय मंत्र्यांना स्वतः जाऊन पाहणी करावी लागली. क्ष-किरण यंत्रे आणि मनुष्यबळ वाढवण्याबरोबरच, गर्दीच्या तासांतली काही विमाने दुसऱ्या वेळेला आणि दुसऱ्या टर्मिनलला हलवण्याचा उपाय तेव्हा ठरला. आपण तिकीट काढताना हेच स्वतःपुरते करू शकतो.

पहाटेचे विमान : रांग आहे, पण उशीर कमी

मग पहाटे साडेपाच-सहाच्या विमानाचे काय? तिथे टर्मिनलमध्ये शांतता असेल, असे मानू नका. रात्री मुक्कामाला आलेली विमाने पहाटे एकामागून एक सुटतात. त्यांचे प्रवासी चार ते साडेपाचच्या दरम्यान एकदमच येतात. शिवाय झोपमोड झालेल्या लोकांची रांग हळू सरकते. कुणी लॅपटॉप बॅगेतून काढायला विसरतो, कुणाची पाण्याची बाटली निघते, कुणाचा ट्रे परत जातो.

तरीही पहाटेच्या विमानाचा एक मोठा फायदा आहे. ते विमान रात्रीपासून तिथेच उभे असते, त्याला कुठून यायचे नसते. देशांतर्गत मार्गांवरचे एक विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या करते आणि दोन फेऱ्यांमध्ये जेमतेम अर्धा-पाऊण तास थांबते. सकाळी दुसऱ्या फेरीला वीस मिनिटे उशीर झाला की तो पुढच्या फेरीला मिळतो. त्यात एखाद्या गर्दीच्या विमानतळावर घिरट्या घालण्याची भर पडते आणि रात्री दहाच्या फेरीपर्यंत तोच उशीर तास-दीड तासाचा होऊन बसतो. म्हणून पहाटेच्या विमानाला रांगेचा त्रास आहे, पण उशिराचा धोका सर्वांत कमी. रात्री नऊ-दहाच्या विमानाला रांगही आहे आणि दिवसभराचा साचलेला उशीरही.

त्याला आणखी एक पदर आहे. वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांना नियमाने मर्यादा असते. दिवसभर रखडत आलेला चमू रात्री त्या मर्यादेजवळ पोहोचतो. ती ओलांडता येत नाही, मग दुसरा चमू मिळेपर्यंत विमान उभे राहते. सकाळी अशी वेळ आली तर त्याच मार्गावर दुपारचे, संध्याकाळचे दुसरे विमान असते. रात्रीच्या शेवटच्या विमानानंतर थेट उद्याची सकाळ असते.

दिल्लीला जाणाऱ्यांनी मात्र डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा मोह टाळावा. तिथले दाट धुके बहुधा मध्यरात्रीनंतर धरते आणि सकाळी नऊ-दहापर्यंत टिकते. त्या दोन महिन्यांत दिल्लीसाठी दुपारी बारानंतर तिथे उतरणारे विमान सर्वांत शहाणपणाचे.

एक उदाहरण : ठाण्याहून नागपूर

ठाण्यातले एक कुटुंब घेऊ. नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आजी. मुंबईहून नागपूरला लग्नाला जायचे आहे, सोबत दोन मोठ्या बॅगा आहेत. उदाहरणादाखल तीन वेळा समोर आहेत. पहाटे सव्वासहा, दुपारी दीड आणि रात्री नऊ पंचावन्न. रात्रीचे तिकीट माणशी सातशे रुपयांनी स्वस्त आहे, म्हणजे चौघांचे २८०० रुपये वाचतात.

पहाटेच्या विमानासाठी बॅगा देण्याचा काउंटर साधारण तासभर आधी, म्हणजे सव्वापाचला बंद होणार. सव्वाचारला पोहोचायचे तर साडेतीनला घर सोडायचे आणि पावणेतीनला उठायचे. रस्ता मोकळा, पाऊण तास पुरतो. रांग वाढत जाणारी आहे, पण हे लोक तिच्या तोंडाशी पोहोचत आहेत. विमान वेळेवर सुटण्याची शक्यता चांगली. पावणेआठला नागपूर आणि पूर्ण दिवस हातात. किंमत एकच, आजीची आणि मुलीची रात्रीची झोप.

दुपारच्या विमानासाठी पावणेअकराला निघायचे आणि पावणेबाराला पोहोचायचे. सकाळच्या लाटेची शेपूट तोवर ओसरलेली असते आणि दुपारची लाट अजून लांब असते. रांगेचा त्रास तिन्हीत सर्वांत कमी. विमानाला सकाळचा थोडा उशीर चिकटलेला असू शकतो, पण अकरानंतर धावपट्टीवर श्वास घ्यायला जागा असते, त्यामुळे तो वाढत जात नाही. नागपूरला तीनला उतरणार. मे महिना असेल तर डोक्यावर विदर्भाचे ऊन, एवढी अडचण आहे.

रात्रीच्या विमानासाठी आठला पोहोचायचे तर ठाण्याहून साडेसहाला निघावे लागते, म्हणजे ऐन ऑफिस सुटण्याच्या वेळी. पावसाळा असेल तर सहाला. टर्मिनलवर देशांतर्गत रात्रीची लाट भरात आलेली. विमान गर्दीच्या तासांत सुटणार, त्याआधी दिवसभराच्या फेऱ्यांचा उशीर त्याच्या मागे. वेळेवर सुटले तर साडेअकराला नागपूर, नाही तर साडेबारा किंवा एक. तिथून हॉटेलपर्यंत रात्रीची कॅब. २८०० रुपयांच्या बचतीतून ती कॅब, विमानतळावरचे चौघांचे जेवण आणि एका जास्तीच्या रात्रीची खोली वजा करा. हातात काही उरत नाही.

माझे मत विचाराल, तर आजी सोबत असताना दुपारचे विमान. एकट्या, पाठीवर एकच बॅग असलेल्या माणसाने त्याच दिवशी काम उरकायचे असेल तर पहाटेचे. रात्रीचे विमान फक्त त्याच्यासाठी, ज्याच्याकडे दुसरा पर्याय नाही किंवा ज्याला उतरल्या गावी आपलेच घर आहे.

परदेशी विमाने मध्यरात्रीच का सुटतात?

परदेशी जाणाऱ्यांना ही निवड इतकी मोकळी नसते. मुंबईहून युरोप आणि आखातात जाणारी बरीचशी विमाने मध्यरात्र ते पहाट या वेळेत सुटतात आणि त्यामागे प्रवाशांची आवड नव्हे, तिकडचे घड्याळ आहे. फ्रँकफर्ट विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणांना बंदी आहे. लंडनच्या हिथ्रोवरही रात्रीच्या विमानांवर कडक मर्यादा आहेत. मुंबईहून रात्री अडीचला निघालेले विमान साधारण नऊ तासांनी, हिवाळ्यात तिथल्या सकाळी सातच्या सुमारास फ्रँकफर्टला उतरते. बंदी संपलेली असते आणि पुढची विमाने पकडायला पूर्ण दिवस असतो. दुबईसारख्या ठिकाणी तर सकाळी युरोप-अमेरिकेकडे विमानांची मोठी लाट सुटते. ती गाठायची तर मुंबई पहाटे चार-साडेचारला सोडावी लागते.

परिणाम असा की, टर्मिनल दोनवर रात्री दहा ते दोन या वेळेत परदेशी प्रवाशांची रांग असते आणि तिची सुरुवात देशांतर्गत रात्रीच्या लाटेत मिसळते. चेक-इनचा मजला एकच आहे. आखाताच्या विमानांत सामान जास्त, पहिल्यांदा प्रवास करणारे कामगार जास्त. विद्यार्थ्यांच्या हंगामात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, एका मुलामागे निरोपाला चार नातेवाईक दारावर असतात. त्यानंतर इमिग्रेशनची रांग वेगळीच, जी देशांतर्गत प्रवाशाला नसते.

इथे दोन उपाय खरोखर उपयोगी आहेत. पहिला, शक्य असेल तर सकाळी किंवा दुपारी सुटणारे परदेशी विमान शोधणे. मुंबईहून लंडन, दुबई, सिंगापूर अशा मार्गांवर दिवसाची विमाने असतात. ती थोडी महाग असली तरी इमिग्रेशनचा वेळ वाचतो. दुसरा, गृह मंत्रालयाची फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजना. ती जून २०२४ मध्ये दिल्लीत आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी काही विमानतळांवर सुरू झाली. भारतीय पासपोर्टधारक आणि ओसीआय कार्डधारक ftittp.mha.gov.in या संकेतस्थळावर अर्ज करू शकतात. एकदा बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद झाली की ई-गेटमधून जाता येते. मंजुरीला वेळ लागतो, त्यामुळे अर्ज तिकिटाच्या आठवड्यात नव्हे, त्याच्या बराच आधी करायला हवा.

मध्यरात्रीच्या विमानाचा आणखी एक सापळा आहे आणि तो तारखेचा. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००.२० असेल, तर विमान १४ तारखेची रात्र संपल्यावर वीस मिनिटांनी सुटते. विमानतळावर १४ तारखेला रात्री नऊच्या सुमारास पोहोचायचे असते. १५ तारखेच्या रात्री बॅगा घेऊन पोहोचलेल्या प्रवाशाचे विमान वीस तासांहून अधिक आधीच गेलेले असते आणि तिकीट बुडालेले असते. घरच्यांना निरोप देताना ‘१५ ला विमान’ असे न सांगता ‘१४ च्या रात्री घरून निघायचे’ असे सांगावे.

रात्रीच्या प्रवाशासाठी एक नियम मात्र बाजूने आहे. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर विमान कंपनीने हॉटेलात राहण्याची सोय करावी, अशी तरतूद नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत आहे. दिवसाच्या विमानासाठी हीच सोय उशीर चोवीस तासांहून अधिक असेल तर मिळते. काउंटरवर ही गोष्ट शांतपणे, नियमाचा उल्लेख करून मागावी.

पुणे आणि गोव्यात हिशेब वेगळा

मुंबईचे तास जसेच्या तसे दुसरीकडे लावू नका. पुण्याचे लोहगाव विमानतळ हा हवाई दलाचा तळ आहे. तिथे धावपट्टी एकच आणि तिच्यावर पहिला हक्क हवाई दलाचा. जुलै २०२४ पासून नवे टर्मिनल सुरू झाल्याने आत जागा वाढली, पण टर्मिनल मोठे झाल्याने धावपट्टी वाढत नाही. गोव्यात दाबोळी हा नौदलाचा तळ. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असतात, त्यामुळे नागरी विमाने दुपारनंतर दाटीवाटीने येतात. जिथे ‘दुपार मोकळी’ हा मुंबईचा नियम लागू पडेल असे वाटते, तिथेच दाबोळीची दुपार भरलेली असते. गोव्याला सकाळी उतरायचे असेल तर जानेवारी २०२३ पासून सुरू झालेल्या मोपा विमानतळाची विमाने पाहावीत. फक्त दक्षिण गोव्यात मुक्काम असेल, तर मोपाहून लागणारा रस्त्याचा वेळ हिशेबात धरावा.

स्वतःच्या विमानाची गर्दी कशी ओळखायची?

कोणत्याही विमानतळासाठी चालेल अशी एक सोपी पद्धत आहे. प्रवासाच्या आठवडाभर आधी, त्याच वारी, विमानतळाच्या संकेतस्थळावरचा सुटणाऱ्या विमानांचा फलक उघडा. आपल्या टर्मिनलवरून आपल्या विमानाच्या आधीच्या तासात आणि नंतरच्या तासात किती विमाने सुटतात, ती मोजा. मग दुसऱ्या पर्यायाच्या वेळेसाठी तेच करा. एका वेळी आठ आणि दुसऱ्या वेळी अठरा निघाली, तर रांग कुठे असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. वार तोच ठेवणे महत्त्वाचे, कारण शुक्रवार आणि रविवारची संध्याकाळ आणि सोमवारची सकाळ इतर दिवसांपेक्षा वेगळी असते.

दुसरी तपासणी उशिराची. विमानांचा माग दाखवणाऱ्या मोफत ॲपमध्ये आपला उड्डाण क्रमांक टाकला की गेल्या काही दिवसांत ते विमान ठरल्या वेळेला सुटले की नाही, हे दिसते. सातपैकी पाच दिवस पाऊण तास उशीर असेल, तर तो अपघात नाही, तेच त्याचे खरे वेळापत्रक आहे. प्रवासाच्या दिवशी याच ॲपमध्ये आपले विमान त्या क्षणी कोणत्या गावी आहे, हेही पाहता येते. मुंबईहून आठला सुटणारे विमान साडेसातपर्यंत बंगळुरूतच असेल, तर फलकावर काहीही लिहिलेले असो, ते आठला सुटणार नाही. पण म्हणून घरून उशिरा निघू नका. काउंटर मूळ वेळेनुसारच बंद होऊ शकतो.

डिजियात्राबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. चेहरा ओळखून आत सोडणारी ही सोय दारावरची आणि सुरक्षा तपासणीच्या तोंडावरची कागदपत्रांची रांग कमी करते. बॅगा आणि अंगझडतीची रांग त्यानंतर सर्वांसाठी सारखीच असते. ती फक्त देशांतर्गत प्रवासासाठी आहे. गर्दीच्या वेळी ती मदत करते, गर्दीची वेळ मोकळी करत नाही.

हे प्रवाशानेच का शोधायचे?

एवढे सगळे मोजल्यावर एक प्रश्न उरतो. हे काम प्रवाशाने का करायचे? कोणत्या तासाला किती प्रवासी येणार, हे विमानतळाला आधीपासून ठाऊक असते. विमानांच्या वेळा महिनोन् महिने आधी ठरतात आणि तिकिटांची विक्री कंपन्यांच्या संगणकात असते. २०२२ च्या गोंधळानंतर दाराबाहेरच्या प्रतीक्षेची वेळ प्रवाशांना कळवण्याच्या सूचना केंद्राने दिल्या होत्या. ही माहिती समाजमाध्यमांवरच्या फुटकळ संदेशांत अडकून राहायला नको. ती तिकिटाच्या पडद्यावर, भाड्याच्या शेजारी यायला हवी. ‘या वेळेला सुरक्षा तपासणीस साधारण इतकी मिनिटे’ एवढी एक ओळ दिसली, तर शेकडो लोक आपणहून वेळ बदलतील आणि रांग यंत्रे न वाढवताही लहान होईल.

त्याऐवजी आज सर्वांना एकच सल्ला मिळतो, ‘तीन तास आधी या’. सगळेच तास-दीड तास लवकर आले, तर रांग लहान होत नाही, फक्त तास-दीड तास आधी सुरू होते. शिवाय मोठ्या बॅगा असलेल्याला लवकर येऊनही काउंटर उघडण्याची वाट पाहावी लागते. तोवर तो त्याच मजल्यावर गर्दीत भर घालत उभा असतो. पहाटे सव्वासहाच्या विमानाला आणि दुपारी दीडच्या विमानाला एकच सल्ला देणे म्हणजे एकालाही नीट सल्ला न देणे.

ती ओळ पडद्यावर येईपर्यंत हिशेब आपल्यालाच करावा लागणार. तिकिटाचे बटण दाबण्यापूर्वी विमानाच्या वेळेतून दोन तास वजा करा, परदेशी असेल तर तीन. त्या वेळेला रस्त्यावर काय असेल, टर्मिनलमध्ये काय असेल आणि विमान चुकले तर पुढचे किती वाजता आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधा. स्वस्त वेळ त्यानंतरही स्वस्त वाटली, तर खुशाल घ्या.